ईथर गेला, म्हणून इलेक्ट्रॉनही जाणार का?

“विज्ञानाचा इतिहास म्हणजे मोडीत निघालेल्या सिद्धांतांची यादी. जळताना वस्तूतून निघून जातं असं मानलेलं फ्लॉजिस्टन गेलं, उष्णतेचा द्रव मानलेलं कॅलरिक गेलं, प्रकाशाच्या लाटांचं माध्यम मानलेला ईथर गेला. तेही त्यांच्या काळी उत्तम चालत होते. मग आजचं विज्ञान चालतं म्हणून ते खरं, असं कसं म्हणता? इलेक्ट्रॉनही उद्या त्याच वाटेने जाणार.” हा आक्षेप नेहमी घेतला जातो; त्याचं एकेक वाक्य तपासू.

“तेही उत्तम चालत होते.” सगळे सारखे चालत नव्हते. विज्ञानाचे तत्त्वज्ञ लॅरी लाउदन यांनी 1981 मध्ये अशी यादी मांडली. तिच्यावर उभ्या राहिलेल्या युक्तिवादाला निराशावादी विगमन म्हणतात. त्या यादीत, दिसलेल्या आजारांना नंतर कारण जोडणारा, शरीरातल्या चार रसांचा सिद्धांतही आहे. माहीत असलेल्या गोष्टीला नंतर कारण जोडणं आणि कुणाच्या ध्यानीमनी नसलेली गोष्ट आधी सांगून ती खरी ठरणं, यात फार अंतर आहे. विज्ञानाचं यश चमत्कार मानायचं नसेल तर सिद्धांत निदान खऱ्याच्या जवळपास आहेत असं मानावं लागतं, हा तत्त्वज्ञ हिलरी पटनम यांचा 1975 चा ‘चमत्कार नाही’ युक्तिवाद. त्याला खरं बळ मिळतं ते दुसऱ्या प्रकारच्या यशातून. ही चाळणी लावली की यादीतली बरीच नावं गळतात.

“ईथर गेला.” हे नाव मात्र गळत नाही, आणि वास्तववाद्याने, म्हणजे यशस्वी सिद्धांत खऱ्याच्या जवळपास असतात असं मानणाऱ्याने, इथे पळवाट शोधू नये. फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ फ्रेनेलने प्रकाश म्हणजे लाटा हा सिद्धांत मांडला तेव्हा त्या लाटा ईथर नावाच्या माध्यमात उठतात, असं तो मनापासून मानत होता. त्याचा निबंध पॅरिसच्या विज्ञान अकादमीच्या स्पर्धेत आला. परीक्षकांत प्रकाश कणांचा आहे असं मानणारा गणितज्ञ प्वासों होता. त्याने फ्रेनेलचंच गणित पुढे नेलं आणि दाखवलं की ते खरं असेल तर गोल चकतीच्या सावलीच्या बरोबर मध्यभागी उजेडाचा ठिपका दिसला पाहिजे. ही त्याच्या मते सिद्धांताची फजिती होती. दुसरा परीक्षक आरागो याने 2 मिलिमीटरची धातूची चकती मेणाने काचेवर चिकटवून प्रयोग केला. ठिपका दिसला. 1819 मध्ये बक्षीस फ्रेनेलला मिळालं. (मराल्दीला हा ठिपका 1723 मध्येच दिसला होता, पण तो विस्मरणात गेला होता.)

मग ज्याच्या मुळाशी ईथर होता, त्या सिद्धांताने न पाहिलेलं सांगितलं कसं? प्वासोंचं गणित उघडून पाहा. चकतीच्या कडेचा प्रत्येक बिंदू सावलीच्या मध्यापासून सारख्याच अंतरावर असतो. त्यामुळे कडेवरून निघालेल्या लाटा तिथे एकाच तालात पोहोचतात आणि एकमेकींना वाढवतात. झालं. लाटांची बेरीज-वजाबाकी होते, एवढंच इथे लागतं. लाटा कशात उठतात, हे कुठल्याच पायरीवर लागत नाही.

यावर कसलेला विरोधक म्हणेल, “टिकलं ते कामाचं होतं, असं तुम्ही आज मागे वळून ठरवताय.” हा आक्षेप वजनदार आहे. पण वरची तपासणी करायला नंतर आलेले मॅक्सवेल किंवा आइन्स्टाइन माहीत असण्याची गरज नाही; ती 1819 मध्ये बसूनही करता आली असती.

फ्रेनेलच्या परावर्तनाच्या सूत्रांत मात्र हे इतकं सरळ नाही. ती काढताना त्याने ईथरची घनता आणि लवचिकता यांबद्दलची गृहीतकं वापरली होती. ती गृहीतकं गेली, सूत्रं राहिली. साध्या काचेवर प्रकाश सरळ पडला तर एका पृष्ठभागावरून सुमारे 4 टक्के परततो, हे आजही त्याच सूत्रातून काढतात. फक्त ईथरच्या हालचालीच्या जागी विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रं आली. यावरून तत्त्वज्ञ जॉन वॉरल यांनी 1989 मध्ये म्हटलं की टिकते ती रचना, वस्तूंची ओळख नव्हे. मला हे अर्धंच पटतं. परावर्तनाच्या बाबतीत ते बरोबर आहे. ठिपक्याच्या बाबतीत मात्र सूत्रापलीकडचं काहीतरी टिकलं: प्रकाश खरोखरच एकमेकांत मिसळून वाढतो आणि विझतो.

“इलेक्ट्रॉनही जाणार.” त्याच्याबद्दलचं बरंच काही गेलंच आहे. 1897 मध्ये थॉमसनने मांडलेला इवलासा कण आज कुणी तसाच मानत नाही. पण त्याचा विद्युतभार आणि वस्तुमान यांचं गुणोत्तर आणि हा कण प्रत्येक अणूचा घटक असणं, हे पुंज यांत्रिकी आल्यावरही उभं आहे. न पाहिलेलं सांगताना याच गोष्टी राबतात. पुढचा सिद्धांत त्यांना नवा अर्थ देईल, हे मी मान्य करतो. त्या नाहीशा होतील, हे ईथरच्या उदाहरणातून निघत नाही.

सूक्ष्म कण म्हणजे कंप पावणाऱ्या तारा असं मानणाऱ्या स्ट्रिंग सिद्धांताची गोष्ट वेगळी. त्याने आधी सांगितलेलं आणि प्रयोगात दिसलेलं असं अजून काही नाही. तिथे ‘चमत्कार नाही’ हा युक्तिवाद लागूच होत नाही, आणि तिथे मी आक्षेप घेणाऱ्याच्याच बाजूने आहे.