कोठीची किल्ली एकाच्याच कमरेला असू द्या

मालक, आधी अभिनंदन. हायवेला लागून ऐंशी खुर्च्यांचं हॉटेल, पुढे ऐसपैस पार्किंग, गल्ल्यामागे वडिलांचा हार घातलेला फोटो. आता एकच गोष्ट ठरायची राहिली आहे, कोठी कुणाच्या हवाली करायची. उत्तर तुमच्या मनात तयार आहे, ते मला ठाऊक आहे. नाना! नाना म्हणजे घरचा माणूस, वडिलांच्या काळापासूनचा. शिवाय त्याला सगळंच येतं. व्यापाऱ्याला फोन तोच करील, टेम्पो आला की माल तोच उतरवून घेईल, कोठीत लावील तोच आणि रात्री वहीत लिहीलही तोच. चार कामं आणि पगार एक. असा सौदा सोडू नका.

तुमचा अकाउंटंट कुरकुर करील. मागवणारा, उतरवून घेणारा, सांभाळणारा आणि लिहिणारा वेगवेगळा हवा, असं काहीतरी पुटपुटेल. त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. शिवाजी महाराजांच्या गडावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे तिघं सारख्या दर्जाचे असत, आणि धान्याच्या अंबाराचा जमाखर्च पाहायला कारखानीस निराळा, असा दाखला तो देईल. म्हणावं, आमच्या हॉटेलाला तट आहे की बुरूज? आणि त्या गडांवर नाना कुठे होता?

तुमचा नानावर विश्वास आहे, पण पुरावा हवा असेल तर महिनाअखेरीला काजूचं पान उघडा. पहिल्या तारखेची शिल्लक 12 किलो. महिन्याभरात 10 किलोचे सहा डबे आले, म्हणजे 60 किलो. भटारखान्याला दिले 64. उरले 8. आता कोठीत जा आणि काट्यावर घाला. बरोबर 8 किलो भरतात. ग्रॅमचा फरक नाही! अशी वही पाहिली की डोळ्यांत पाणी येतं. इथेच थांबा आणि घरी जाऊन झोपा.

काही खवचट लोक इथे थांबत नाहीत. ते काउंटरवरच्या बिलिंग मशीनमधून विक्री काढतात. काजू मसाला 500 प्लेट. वस्तादाला विचारतात, एका प्लेटला काजू किती? तो म्हणतो 60 ग्रॅम. झाले 30 किलो. पांढऱ्या ग्रेव्हीत रोज अर्धा किलो वाटून जातो, त्याचे महिन्याला 15. एकूण 45 किलो. वही म्हणते 64 गेले. मधल्या 19 किलोंतून सांडलवंड, खवट निघालेले आणि वेटरांनी येता-जाता तोंडात टाकलेले असे दोन किलो उदार मनाने सोडून द्या. उरतात 17. किलोला 800 रुपये धरले तरी 13,600 रुपये, आणि हे फक्त काजूचे.

पण मग वही जुळली कशी? हीच तर नानाची कला आहे. कोठीतून माल जाण्याचा रकाना नाना स्वतः भरतो. शिल्लक 25 असायला हवी होती आणि 8 आहे, एवढं कळलं की तो ‘भटारखान्याला दिले’ या रकान्यात 47 च्या जागी 64 लिहितो. उत्तर आधी मोजायचं आणि गणित मागून मांडायचं. म्हणून कोठीतला माल तुम्ही शंभर वेळा मोजलात तरी हरकत नाही. ज्या हाताने माल गेला त्याच हाताने आकडा लिहिला असेल, तर मोजणी जन्मभर जुळत राहील. आणि जुळली की तुम्ही त्याला दिवाळीला एक पगार जास्त द्याल, तो वेगळा.

ही कला टिकवायची तर थोडी काळजी तुम्हालाही घ्यावी लागेल.

पहिली काळजी म्हणजे ऑर्डर कागदावर उतरू देऊ नका. फोन पुरतो. कागद झाला की त्याची एक प्रत अकाउंटंटकडे जाते, पुढे तो बिलाशेजारी ती ठेवून पाहतो, आणि मागवले चार डबे असताना बिल सहाचं कसं, असले प्रश्न विचारत बसतो. काही हॉटेलांत तर याहून वाईट पद्धत आहे. माल उतरवून घेणाऱ्याला ऑर्डरची जी प्रत देतात तिच्यावर मालाचं नाव असतं, पण किती मागवला ते नसतं. त्यामुळे बिचाऱ्याला खरोखर मोजावं लागतं! आकडा समोर असता तर त्याने टिकमार्क करून मोकळं व्हायचं होतं. माणसाला एवढा त्रास कशाला?

काट्याच्या भानगडीत तर पडूच नका. तेलाचा डबा घ्या. बाजारात 15 किलोचाही डबा मिळतो आणि 15 लिटरचाही. शेजारी शेजारी ठेवले तर घाईत कुणाच्या लक्षात यायचे नाहीत. पण तेल पाण्याहून हलकं असल्यामुळे 15 लिटरच्या डब्यात तेल भरतं साधारण 13.65 किलो. म्हणजे दर 15 किलोच्या डब्याचा लागला आणि आला 15 लिटरचा, तर डब्यामागे 1.35 किलो हवेत. महिन्याला 40 डबे लागत असतील तर 54 किलो, साडेतीन डब्यांहून थोडं जास्तच. यात नानाने कोठीतून काहीच नेलेलं नाही, हे लक्षात घ्या. तेल तुमच्या दारात आलंच नाही, त्याचा फरक तिकडेच व्यापाऱ्याच्या दुकानी वाटून झाला. डब्यावर छापलेलं वाचलं आणि चार डबे काट्यावर ठेवले तर दोन मिनिटांत सगळं उघडं पडेल, पण टेम्पोवाल्याला घाई असते. शिवाय टेम्पो दुपारी साडेबारालाच येतो, ऐन गर्दीत, तेव्हा तुम्ही गल्ल्यावर असता. ही वेळ नानानेच ठरवून दिली आहे. किती विचारी माणूस!

काजूचंही तसंच. बिलावर 240 नंबर आणि डब्यात 320 नंबर. नंबर वाढला की दाणा बारीक होतो आणि दर उतरतो. वजन केलंत तरी 10 किलोच भरणार. हे ओळखायचं तर डबा फोडून पाहावा लागतो, आणि ओळखणारा माणूस एकच असतो, तो म्हणजे वस्ताद. म्हणून वस्तादाला माल उतरवताना तिकडे फिरकू देऊ नका.

वस्तादाकडून मागणीची चिठ्ठी तर मुळीच घेऊ नका. ही चिठ्ठी फार घातक. तिच्यावर वस्ताद लिहितो, ‘काजू 1.5 किलो’, माल हातात पडला की खाली सही करतो, आणि चिठ्ठी नानाकडे न राहता अकाउंटंटच्या खिळ्याला लागते. मग नानाला ‘दिले 64’ लिहायचं असेल तर वस्तादाच्या 64 किलोंच्या सह्या आणाव्या लागतील. वस्ताद त्या देणार नाही. तो संत आहे म्हणून नव्हे, तर महिन्याचा भटारखान्याचा खर्च त्याच्या नावावर चढतो आणि शंभराच्या विक्रीला कच्चा माल कितीचा लागला यावरून तुम्ही त्यालाच बोल लावता म्हणून. नानाच्या 17 किलोंचा बोजा आपल्या डोक्यावर तो का घेईल? दोघांचा स्वार्थ असा आमनेसामने उभा केला की सही महाग होते. सहीची दोन माणसं एकाच दिशेला पाहणारी असतील, उदाहरणार्थ नाना आणि नानाचा मेहुणा, तर मात्र खुशाल दहा सह्या घ्या.

‘आम्ही छोटे, आम्हाला चार माणसं कुठून परवडणार?’ हे वाक्य पाठ करून ठेवा, फार कामाचं आहे. नाहीतर कुणी शहाणा सांगेल की एकही माणूस वाढवायचं कारण नाही. काय हवं ते वस्ताद लिहील आणि ऑर्डर तुम्ही स्वतः द्याल. काट्यावर घालून उतरवून घ्यायचं काम कॅशियरचं, मात्र टेम्पो सकाळी नऊला बोलवायचा, तेव्हा कॅशियर रिकामाच असतो. कोठीची किल्ली नानाकडेच राहील. चलन आणि चिठ्ठ्या पाहून वही अकाउंटंट लिहील आणि व्यापाऱ्याचा चेक काढण्याआधी ऑर्डर, उतरवल्याची नोंद आणि बिल हे तीन कागद शेजारी ठेवील. माणसं तीच, पगार तेच. असला सल्ला ऐकलात तर नाना दुखावेल. ‘एवढ्या वर्षांनी माझ्यावर संशय?’ असं तो विचारील, आणि तुमच्याकडे उत्तर नसेल. खरं उत्तर असं की नाना चोर नसेल तर ही व्यवस्था त्याच्याच फायद्याची, कारण उद्या माल कमी भरला तर बोट एकट्या त्याच्याकडे जाणार नाही. पण हे उत्तर मी तुम्हाला दिलंच नाही असं समजा.

धीर सुटला असेल तर एक दिलासाही देतो. ही व्यवस्था लावली तरी तिला भोक पाडता येतं. नाना आणि वस्ताद एकत्र बसू लागले, किंवा कॅशियरने नाना आणि व्यापारी दोघांशी संधान बांधलं, की कागद पुन्हा सुरेख जुळू लागतात. तेव्हा उरतो तो बिलिंग मशीनचा आकडा, प्लेटी गुणिले ग्रॅम. तो मात्र कुणाच्या सहीवर चालत नाही. म्हणून प्लेटमागचे ग्रॅम कुठे लिहून ठेवू नका. वस्तादाच्या ‘अंदाजाने घालतो साहेब’ यातच स्वयंपाकाची खरी चव आहे.

शेवटचं आणि सगळ्यांत महत्त्वाचं. नानाला सुट्टी देऊ नका. तो मागतही नाही म्हणा. तापातही येतो, लेकीच्या साखरपुड्यालाही दुपारी टेम्पो उतरवून मग गेला. तुम्ही चारचौघांत त्याचं कौतुक करता.

माझ्या माहितीतल्या एका हॉटेलात अशा एका नानाचे सासरे वारले. तेराव्यापर्यंत थांबणं भाग होतं, पुढे जमिनीचं निघालं, आणि पंधरा दिवस गेले. किल्ली मालकाच्या पुतण्याकडे आली. पोरगं कॉलेजातलं, त्याला काजू कळत नव्हता की तेल कळत नव्हतं. संपत आलं की मागवायचा, आलं की काट्यावर घालायचा, वस्तादाला देताना फोनमध्ये लिहून ठेवायचा. एरवी दर पाच दिवसांनी काजूचा एक डबा लागायचा, म्हणजे पंधरवड्याला तीन. या वेळी दोनात भागलं, कोठीत थोडा उरलाही.

मालक धास्तावले. गल्ला तर नेहमीएवढाच होता. त्यांनी वस्तादाला केबिनमध्ये बोलावलं, दार लावून घेतलं आणि दरडावून विचारलं, ‘काय रे, भाजीत काजू कमी घालायला लागलास काय?’