तोंडी समज दिल्यावरची नोंद: फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

"एचआरवाल्यांनो लक्षात ठेवा. तोंडी वॉर्निंग लिहून ठेवली की ती लेखी झाली, मग तुम्ही अडकलात. लिहायचीच असेल तर कामगाराची सही घ्या, नाहीतर त्या कागदाची किंमत शून्य. आणि लिहाल तर कडक लिहा, माणूस कसा आहे ते येऊ द्या, जुनं सगळं टाका, केस मजबूत होते. घाई काही नसते, गरज पडली की बसून लिहिता येतं."

अंबड, सातपूर, सिन्नर, जिथे जाल तिथल्या एचआरच्या ग्रुपवर हे फिरतंय आणि नवीन जॉइन झालेली पोरं तेच खरं धरून चालतात, म्हणून एकेक घेतो.

पहिलं तर सरळ चूक आहे. वॉर्निंग लेखी होते ती कागद कामगाराच्या हातात देऊन पोच घेतली, की. तुम्ही तुमच्या रजिस्टरला किंवा फोल्डरला काय झालं ते टिपलं, तर ती फक्त तुमची आठवण आहे, शिक्षा नाही. आपल्या महाराष्ट्राच्या मॉडेल स्टँडिंग ऑर्डर्समध्ये ताकीद ही शिक्षांच्या यादीतच आहे, दंड, सस्पेन्शन आणि डिसमिसलच्या सोबत, त्यामुळे शिक्षा म्हणून ताकीद द्यायची असेल तर तो रस्ताच वेगळा, आरोप कळवा, त्याचं म्हणणं घ्या, मग सहीची ऑर्डर. तोंडी समज त्याच्या अलीकडची पायरी आहे. हां, नोंद चुकून पत्र व्हायचा धोका खरा आहे, पण तो लिहिण्यामुळे नाही, भाषेमुळे. "आपणास कळविण्यात येते की यापुढे असे घडल्यास आपणास कामावरून कमी करण्यात येईल" असं लिहिलंत की ते पत्रच झालं, फक्त न दिलेलं पत्र, आणि कोणी विचारलं की मग दिलं का नाही, तर उत्तर नाही. नोंद लिहायची ती कामगाराला उद्देशून नाही, त्याच्याबद्दल. वर मथळा "तोंडी समज, नोंद" एवढाच.

सहीचं. सही मागितली की खोलीतलं वातावरणच बदलतं. आतापर्यंत बोलणारा माणूस गप्प होतो, "युनियनला विचारून करतो" म्हणतो, आणि त्याच्या जागी कोणीही तेच म्हणेल, कारण त्याच्या लेखी सही म्हणजे कबुली. म्हणजे तोंडी समज द्यायची म्हणून बसलात आणि लेखी वॉर्निंगचं भांडण घेऊन उठलात.

बरं, सही नाही म्हणून किंमत शून्य हेही खरं नाही. भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ चं कलम १६२ बघा (जुन्या १८७२ च्या कायद्यात हेच कलम १५९ होतं). साक्षीदाराने घटना घडली त्याच वेळी, किंवा आठवण ताजी असताना स्वतः लिहिलेलं टिपण साक्ष देताना बघून आठवण ताजी करता येते. डोमेस्टिक एन्क्वायरीला हा कायदा काटेकोर लागू नसतो, पण विचार तोच चालतो. म्हणजे नोंदीचं वजन समोरच्याच्या सहीत नाही, तुम्ही ती कधी लिहिली यात आहे. आणि कलम १६४ पण वाचा, कारण मेसेज फिरवणाऱ्यांनी ते वाचलेलं दिसत नाही: असं टिपण वापरलं तर विरुद्ध पक्षाला ते बघायचा आणि त्यावर उलटतपासणी घ्यायचा हक्क आहे. म्हणजे तुमची "प्रायव्हेट" नोंद उद्या कामगाराचा प्रतिनिधी किंवा वकील वाचणार हे धरूनच प्रत्येक ओळ लिहायची.

त्याला काय सांगितलं हे त्याच्यापर्यंत पोचलं याचा पुरावा हवाच असेल तर सहीपेक्षा साधा उपाय आहे, त्याच दिवशी त्याला दोन ओळींचा मेसेज टाका, "आज बोलल्याप्रमाणे, यायला जमणार नसेल तर शिफ्ट सुरू व्हायच्या आत टाइम ऑफिसला फोन करायचा, नंबर हा." त्यात वॉर्निंग शब्दही नको. त्याचं "ओके सर" आलं तर उत्तमच, नाही आलं तरी चालतं.

आता कडक शब्द आणि जुना इतिहास. इथे सगळ्यात जास्त नुकसान होतं म्हणून एक केस पूर्णच घेतो, पात्र-प्रसंग मी रचलेत पण अशा केसेस नाशिकला दर द्राक्ष सीझनला होतात. दिंडोरी तालुक्यातला एक प्रेस ऑपरेटर, घरी द्राक्षाची बाग, छाटणी होऊन गेलेली, नोव्हेंबरात अवकाळी पाऊस आला आणि गडी १७ आणि १८ तारखेला आलाच नाही. १९ ला पहिल्या शिफ्टला सात वाजता हजर. सुपरवायझर चिडलेला, एचआर ऑफिसरने दोघांना बोलावलं, दहा-पंधरा मिनिटं बोलणं झालं, समज दिली, गडी मशीनवर गेला. मेसेजच्या सल्ल्याने गेलात तर नोंद अशी होते:

"सदर कामगार बेजबाबदार व उर्मट आहे. नेहमी न सांगता दांड्या मारतो. मागच्या वर्षीही हाच प्रकार. कंपनीपेक्षा शेतीला महत्त्व देतो. कडक समज दिली. सुधारणा होईल असे वाटत नाही."

वाचायला जोरदार वाटतं, पण उलटतपासणीत टिकणारं एकही वाक्य यात नाही. "नेहमी" म्हणजे कोणत्या तारखा? उर्मट म्हणजे तो नेमकं काय बोलला? कडक समज म्हणजे त्याला काय करायला सांगितलं? आणि शेवटची ओळ तर मालकाच्या विरोधात साक्ष आहे, कारण त्यातून दिसतं की समज देतानाच तुमचं मत बनलेलं होतं. यात सगळ्यात मोठं जे गायब आहे ते म्हणजे तो स्वतः काय म्हणाला.

त्याच बोलण्याची कामाची नोंद अशी:

"१९ नोव्हेंबर, सकाळी ७.४० ते ७.५५, एचआर केबिन. हजर: मी, पहिल्या शिफ्टचे सुपरवायझर, ऑपरेटर. विषय: १७ व १८ तारखेला न कळवता गैरहजर (टाइम ऑफिसच्या हजेरीनुसार). ऑपरेटरचे म्हणणे: पावसामुळे बागेत फवारणीला थांबावे लागले. १७ ला पहाटे लाइन लीडरला व्हॉट्सॲप केले होते. मोबाइलवर मेसेज दाखवला, वेळ ५.५२, मजकूर 'आज जमत नाही, पाऊस आहे'. १८ ला काही कळवले नाही हे मान्य. मी सांगितले: लाइन लीडरला कळवणे पुरेसे नाही, रोजच्या रोज शिफ्ट सुरू व्हायच्या आत टाइम ऑफिसला फोन करायचा. नंबर त्याच्या मोबाइलमध्ये सेव्ह करून दिला. पुन्हा न कळवता गैरहजर राहिल्यास लेखी कारवाई होऊ शकते हे सांगितले. बागेच्या कामासाठी रजा आधी टाकता येते तेही सांगितले. तो म्हणाला, 'टाइम ऑफिसला करायचा ते माहीत नव्हतं, आता करतो.' लाइन लीडरशी मी आज बोलणार. पुढचा आढावा १९ डिसेंबर. लिहिले १९ नोव्हेंबर, सकाळी ८.३०."

फरक बघा. त्याच्या म्हणण्यातली एक ओळ, ५.५२ चा मेसेज, अख्खी केस फिरवते. दोन दिवसांचा आरोप एका दिवसावर आला, आणि लाइन लीडरने मेसेज पुढे का नाही दिला हा प्रश्न उभा राहिला. काही जण म्हणतील ही तर कामगाराचीच बाजू झाली. अहो पण ती गोष्ट खरी आहे आणि त्याच्या मोबाइलमध्ये आहेच, उद्या एन्क्वायरीत तो ती दाखवणारच, तेव्हा तुमच्या नोंदीत ती नसली तर बाकीच्या नोंदीवरही कोणी विश्वास ठेवणार नाही. उलट "टाइम ऑफिसला करायचा ते माहीत नव्हतं" हे त्याचं वाक्य त्याच्याच शब्दांत टिपलेलं असेल, तर जानेवारीत परत तेच झाल्यावर ते कारण त्याला देता येणार नाही. कंपनीच्या बाजूने या अख्ख्या नोंदीत सगळ्यात कामाची ओळ तीच आहे, आणि ती कडक शब्दांनी आलेली नाही.

अजून एक, त्याने रजेचं कारण म्हणून घरातलं आजारपण वगैरे सांगितलं तर तपशील लिहायचा नाही, "घरगुती वैद्यकीय कारण सांगितले" एवढं पुरे.

जुन्या इतिहासाचं थोडक्यात. मागचं रेकॉर्ड महत्त्वाचं असतंच, शिक्षा ठरवताना ते बघावंच लागतं, आणि आपल्या राज्याच्या १९७१ च्या एमआरटीयू-पीयूएलपी कायद्यात किरकोळ गैरवर्तनासाठी मागचं रेकॉर्ड न बघता धक्कादायक वाटावी अशी भारी शिक्षा म्हणून कामावरून काढलं तर ती अनफेअर लेबर प्रॅक्टिस धरली आहे. पण रेकॉर्ड नोंदीत कोंबून ते वापरता येत नाही. सुप्रीम कोर्टाने १९६३ मध्येच म्हैसूर सरकारच्या मांचे गौडा केसमध्ये सांगितलं की मागच्या रेकॉर्डवर शिक्षा वाढवायची तर ते त्या माणसाला नोटिशीत सांगून उत्तराची संधी द्यावी लागते. ती केस सरकारी नोकराची होती, पण कारखान्यांच्या केसेसमध्येही कामगाराचे वकील हाच मुद्दा काढतात. म्हणून प्रत्येक घटनेची नोंद तिच्या तारखेला, तिच्यापुरती. एकत्र मांडायची जागा म्हणजे शो-कॉज नोटीस.

आणि नंतर बसून लिहिण्याबद्दल काय बोलायचं, जे कलम नोंदीला वजन देतं त्याची अटच आठवण ताजी असण्याची आहे. तीन महिन्यांनी जुनी तारीख टाकून लिहिलेली नोंद ओळखायला वकीलही लागत नाही, पेनाची शाई एकच, भाषा एकसारखी गुळगुळीत, आणि वर्ड फाइल असेल तर ती कधी बनली ते फाइलच सांगते. त्याच दिवशी लिहा आणि स्वतःच्याच ऑफिस मेलवर पाठवून ठेवा, वेळ आपोआप पडते. उशीर झालाच तर आजची तारीख टाकून "१९ तारखेच्या बोलण्याबद्दल आज आठवून लिहीत आहे" असं सरळ लिहा, वजन कमी होईल पण खोटी तरी ठरणार नाही. नंतर काही नवीन कळलं, उदाहरणार्थ लाइन लीडर म्हणाला हो मेसेज आला होता, तर जुनं खोडायचं नाही, खाली नवीन तारीख टाकून एक ओळ वाढवायची.

आढाव्याची तारीख बहुतेक जण विसरतात. १९ डिसेंबरला हजेरी काढून बघायची, आणि सगळं ठीक असेल तर खाली लिहायचं: "या काळात न कळवता गैरहजेरी नाही. ३ डिसेंबरला सकाळी ६.३५ ला टाइम ऑफिसला फोन करून रजा घेतली. विषय बंद." आणि हे त्या ऑपरेटरला शॉपफ्लोरवर जाता-येता सांगून पण टाकायचं.