पट्टीला न दिसणारं प्रोटीन
"बाबांच्या लघवीत प्रोटीन फक्त 'ट्रेस' आलंय. मग मायलोमाने किडनी बिघडली असं डॉक्टर कसं म्हणतात?"

ताई, लघवी तपासायची ती पट्टी मुख्यतः अल्ब्युमिन हे एकच प्रोटीन ओळखते. मायलोमा हा अस्थिमज्जेतल्या प्लाझ्मा पेशींचा कर्करोग; या पेशी अँटिबॉडीचे सुटे तुकडे, म्हणजे लाइट चेन, रक्तात सोडतात. ते पट्टीला जवळजवळ दिसतच नाहीत. मी लॅबमध्ये काम करतो. साठीतल्या एका काकांचं असंच झालं होतं: पट्टीवर ट्रेस, पण २४ तासांच्या लघवीत ४ ग्रॅम प्रोटीन आणि किडनी बिघडली की रक्तात वाढणारं क्रिएटिनिन ३.८. हे तुकडे लहान असल्याने किडनीच्या गाळणीतून सहज उतरतात, पुढे नलिकेतल्या युरोमोड्युलिन या प्रोटीनला चिकटतात आणि तिथे मेणासारखे बोळे बसतात.

काकांची कंबर तीन महिने दुखत होती. मायलोमा हाड खाणाऱ्या पेशींना चेतवतो, हाडातलं कॅल्शियम रक्तात येतं, त्याने लघवी जास्त होऊन शरीर सुकतं आणि बोळे आणखी घट्ट होतात. त्यात ते कंबरेसाठी रोज वेदनाशामक गोळ्या घेत होते (या गोळ्यांनी किडनीवर आणखी ताण येतो).

बाबांच्या सीरम फ्री लाइट चेन आणि इम्युनोफिक्सेशन या तपासण्या झाल्यात का, ते विचारा. प्रोटीन वेगळी करून पाहणाऱ्या नुसत्या इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये लाइट चेनचा मायलोमा कधीकधी निसटतो.