नुसतं सांगून बँका ऐकतात का? (जरा मोठी पोस्ट आहे, वेळ काढून वाचा)

"गुणात्मक पतनियंत्रणावर टीप लिहा, मार्क 5." बँकिंगची परीक्षा दिलेल्या प्रत्येकाने हे कधी ना कधी लिहिलेलं असतं. पतनियंत्रण म्हणजे मध्यवर्ती बँकेने कर्जवाटपाला घातलेला लगाम. संख्यात्मक साधनं म्हणजे बँक दर, रेपो, सीआरआर, खुल्या बाजारातले रोखे व्यवहार, यांनी एकूण पैसा किती आणि किती महाग ते ठरतं. गुणात्मक साधनं म्हणजे निवडक पतनियंत्रण, म्हणजे ठरावीक कर्जांपुरता नियम, आणि नैतिक समजावणी, म्हणजे नियम न करता बँकांना नुसतं सांगणं, यांनी तो पैसा कुठे जायचा ते ठरतं. झालं, पाच मार्क मिळाले. लिहिलेलं चूक नाहीये, पण ही साधनं चालतात कधी आणि फसतात कधी याचा त्यात पत्ताच नसतो, आणि नैतिक समजावणी तर यादीत शेवटी, म्हणजे गव्हर्नर साहेब चहा पाजून बँकवाल्यांना चार शब्द सुनावतात असल्या थाटात. माझं मत असं की ही साधनं समजून घ्यायची तर व्याख्या बाजूला ठेवून एकदा 1929 सालचा अमेरिकेतला किस्सा नीट बघावा.

तेव्हा न्यूयॉर्कचा शेअर बाजार उधारीवर चढत होता. लोक थोडे पैसे स्वतःचे घालायचे, बाकीचे ब्रोकरकडून उधार, आणि ब्रोकर तेच पैसे कॉल मनी बाजारातून, म्हणजे मागितले की लगेच परत द्यायच्या बोलीवर उचलायचा. अमेरिकेची मध्यवर्ती बँक म्हणजे फेडरल रिझर्व्ह, तिला हे थांबवायचं होतं पण कसं यावरून घरातच दोन तट पडले. न्यूयॉर्क फेडचं, म्हणजे तिथले प्रमुख जॉर्ज हॅरिसन यांचं म्हणणं सरळ होतं, डिस्काउंट रेट, म्हणजे फेड बँकांना उसने देतं तो दर, 5 टक्के आहे तो 6 करा, पैसा महाग झाला की सट्टा आपोआप गार पडेल. वॉशिंग्टनच्या फेडरल रिझर्व्ह बोर्डाला ते पटेना. त्यांचं म्हणणं, सट्टा करतात मूठभर लोक आणि दर वाढवला की शेतकरी, कारखानदार, व्यापारी सगळेच भरडले जाणार, त्यापेक्षा बँकांनाच सांगू की आमच्याकडून उसने घेतलेले पैसे सट्ट्याला देऊ नका. हॅरिसन मंडळी पुन्हा पुन्हा दरवाढ मागत राहिली आणि बोर्ड पुन्हा पुन्हा नाही म्हणत राहिलं.

खरं सांगायचं तर बोर्डाची भूमिका वाचताना पटते. संख्यात्मक साधनाची मोठी अडचण त्यांनी बरोब्बर पकडली होती, की दर वाढला तर तो सगळ्यांना वाढतो. पण गंमत पुढे आहे.

फेब्रुवारी 1929 मध्ये बोर्डाने पत्र काढलं आणि मग जाहीर निवेदनही दिलं. त्याचा अर्थ असा की सट्ट्याची कर्जं द्यायला किंवा चालू ठेवायला जी बँक फेडकडून उसने घेते तिचा त्या पैशावर रास्त हक्क नाही. लक्षात घ्या, दर बदललेला नाही, कसली मर्यादा घातलेली नाही, दंड नाही. म्हणजे पुस्तकातली शुद्ध नैतिक समजावणी. बँका थोड्या बिचकल्या आणि हात आखडता घेतला. मग मार्चअखेर कॉल मनीचा दर एकदम 20 टक्क्यांवर गेला, ब्रोकर कासावीस, बाजार कोसळतो की काय अशी वेळ. तेव्हा नॅशनल सिटी बँकेचे प्रमुख चार्ल्स मिचेल पुढे आले आणि जाहीर केलं की आमची बँक अडीच कोटी डॉलर या बाजारात ओतणार, फेडचा इशारा असला तरी बाजार सावरणं ही आमची जास्त मोठी जबाबदारी आहे. हे मिचेल साहेब त्याच वेळी न्यूयॉर्क फेडच्या संचालक मंडळावर बसलेले होते. म्हणजे ज्या घराने सल्ला दिला त्याच घरातल्या माणसाने तो भर चौकात धुडकावला. सिनेटर कार्टर ग्लास यांनी त्यांचा राजीनामा मागितला, बराच आरडाओरडा झाला. पण बाजाराला जे कळायचं ते कळलं होतं की नाही ऐकलं तर काही होत नाही.

आता जरा बँकेच्या बाजूने हिशोब करून बघा. फेडकडे 5 टक्क्यांनी पैसे मिळतायत आणि कॉल बाजारात 15 ते 20 टक्क्यांनी जातायत, तेही शेअर तारण ठेवून. मधला फरक 10 ते 15 टक्के. एवढी मलई समोर असताना "असं करू नका बरं का" या वाक्याची किंमत किती राहणार? समजावणी चालायची तर न ऐकण्याचा तोटा हा त्या मलईपेक्षा मोठा असावा लागतो, आणि तो मोठा आहे असं समोरच्याला खरंच वाटावं लागतं.

पण मिचेल प्रकरण हे किश्श्यापुरतं, खरी गळती दुसरीकडेच होती आणि टीप लिहिणारे हे हमखास विसरतात. समजा सगळ्या बँकांनी आज्ञाधारकपणे ऐकलं असतं तरी काय झालं असतं? ब्रोकरांना कर्ज देणाऱ्या फक्त बँका नव्हत्याच. मोठमोठ्या कंपन्या स्वतःकडची शिल्लक, कधी तर नवे शेअर विकून गोळा केलेला पैसासुद्धा, कारखान्यात घालण्याऐवजी याच कॉल बाजारात लावत होत्या, कारण कारखान्यात एवढा परतावा कुठून मिळणार. 1929 च्या शरद ऋतूपर्यंत ब्रोकरांच्या कर्जातला निम्म्याहून जास्त पैसा असा बँकांबाहेरून आलेला होता, आणि त्या कंपन्यांवर फेडची काडीची सत्ता नव्हती. म्हणजे बँकांची वही बघितली तर वाटेल की वा, समजावणी लागू पडली, आणि ब्रोकरांची वही बघितली तर उधारी वाढतच चाललीय. निवडक साधन फसलं की नाही हे ओळखायची खूण हीच आहे, देणाऱ्यांच्या वहीत नाही बघायचं, ज्या क्षेत्राला आळा घालायचा तिथे एकूण उधारी किती झाली ते बघायचं.

शेवटी ऑगस्ट 1929 मध्ये न्यूयॉर्कचा दर 6 टक्के केलाच. तोवर फार उशीर झालेला, आणि नंतर हिशोब मांडल्यावर दिसलं की अमेरिकेची मंदी सुरू झाली ती साधारण त्याच महिन्यात. म्हणजे ज्या भीतीने बोर्ड दर वाढवत नव्हतं ती भीतीही काही खोटी नव्हती, थंड पडत चाललेल्या धंद्यावर दरवाढ येऊन बसली. म्हणून "हॅरिसन शहाणे, बोर्ड मूर्ख" एवढं सोपं मी तरी म्हणणार नाही.

यातून अमेरिकेने धडा काय घेतला? 1934 च्या कायद्याने फेडला मार्जिन ठरवायचा अधिकार दिला. शेअर उधारीवर घेताना किमतीचा किती हिस्सा घेणाऱ्याने स्वतःच्या खिशातून भरायचा हे फेड ठरवणार. हे झालं निवडक पतनियंत्रण, आणि समजावणीपेक्षा ते वेगळं कसं ते इथे स्वच्छ दिसतं. विनंती नाही, नियम आहे. आणि नियम फक्त बँकेला नाही, ब्रोकरलाही लागू, म्हणजे आधीचं भोक बुजवलं. बाकी कर्जदारांना, शेतकऱ्याला, कारखान्याला त्याची झळ नाही. 1946 मध्ये तर हे मार्जिन 100 टक्क्यांवर नेलं होतं, म्हणजे उधारी बंदच. 1974 पासून ते 50 टक्क्यांवर आहे, अजूनही तेवढंच.

आपल्याकडे रिझर्व्ह बँकेला अशी ताकद बँकिंग नियमन कायद्याच्या कलम 21 ने दिली, आणि मे 1956 मध्ये पहिला आदेश निघाला तो भात आणि तांदळाच्या तारणावरच्या कर्जांसाठी, साठेबाजी रोखायला. पुढे बरीच वर्षं धान्य, तेलबिया, साखर, कापूस यांच्यावर मार्जिनचा खेळ चालला आणि 1990 च्या दशकात तो जवळपास गुंडाळला गेला. म्हणून बरेच जण समजतात की निवडक नियंत्रण हे जुनं प्रकरण आहे. मला ते अजिबात पटत नाही, ते फक्त कपडे बदलून आलंय.

2023 चंच घ्या. विनातारण पर्सनल लोन आणि क्रेडिट कार्डाची उधारी फार वेगाने वाढत होती. ऑक्टोबरच्या पतधोरणात तेव्हाचे गव्हर्नर शक्तिकांत दास यांनी बँका आणि एनबीएफसींना, म्हणजे बँक नसलेल्या पण कर्ज देणाऱ्या कंपन्यांना, सांगितलं की स्वतःची अंतर्गत देखरेख घट्ट करा. ही झाली समजावणी. सहा आठवडेही झाले नाहीत तोवर 16 नोव्हेंबरला परिपत्रक आलं, विनातारण ग्राहक कर्जाचा रिस्क वेट, म्हणजे कर्जामागे भांडवल किती ठेवायचं ते मोजताना त्या कर्जाला धरायचं वजन, 100 वरून 125. आकडा समजून घ्या. 100 रुपये कर्जामागे 9 टक्के भांडवल म्हणजे 9 रुपये बाजूला ठेवावे लागत होते, आता 125 वर 9 टक्के म्हणजे सव्वाअकरा रुपये. कर्ज बंद केलं नाही, फक्त त्या एका कर्जासाठी बँकेचा स्वतःचा पैसा पाव हिश्शाने जास्त अडकवला. घर, शिक्षण, वाहन आणि सोनेतारण यांना हात लावला नाही. आणि सगळ्यात हुशारीचा भाग, बँका एनबीएफसींना जे कर्ज देतात त्याचाही रिस्क वेट बऱ्याच ठिकाणी 25 ने वाढवला, म्हणजे बँकेने स्वतः न देता एनबीएफसीमार्फत देण्याची मागची वाटही महाग केली. 1929 चं भोक यांना ठाऊक होतं असं मला हे वाचताना वाटलं.

या सगळ्या काळात रेपो 6.50 टक्क्यांवर जिथल्या तिथे होता. समजा त्याऐवजी रेपो पाव टक्का वाढवला असता तर? गृहकर्जवाल्याचा हप्ता वाढला असता, छोट्या उद्योगाचं कर्ज महागलं असतं, आणि ज्याला मोबाईलवर दोन मिनिटांत चढ्या दराने पर्सनल लोन घ्यायचंय त्याला पाव टक्क्याने काय फरक पडणार होता, त्याने घेतलंच असतं. इथे निवडक साधनच बरोबर होतं. पण हेही तितकंच खरं की महागाई सगळीकडूनच वाढत असती तर या रिस्क वेटने काही झालं नसतं, तिथे रेपोच लागतो. एका ठिकाणची उधारी आणि एकूण पैसा हे दोन वेगळे रोग आहेत, आणि एकाचं औषध दुसऱ्याला देऊन चालत नाही.

गळती मात्र याही वेळी पूर्ण थांबली असं म्हणवत नाही. विनातारणाचा वेग पुढे मंदावला, पण सोनेतारणाला यातून सूट होती आणि ते जोरात वाढलं. सोन्याचा भाव चढत होता हे एक मोठं कारण होतंच, तरी पर्सनल लोन मिळेना म्हणून दागिने घेऊन आलेले लोक त्यात अजिबात नव्हते असं कोण म्हणेल? सप्टेंबर 2024 मध्ये रिझर्व्ह बँकेला सोनेतारणातल्या गैरप्रकारांवर वेगळं पत्र काढावंच लागलं. फेब्रुवारी 2025 मध्ये एनबीएफसींना द्यायच्या कर्जावरचा वाढीव वेट काढला, बाकी विनातारण ग्राहक कर्जाचे 125 तसेच ठेवले, आणि मला तरी ते योग्यच वाटलं.