पोराने तुमच्या कार्डावर मोबाइल गेममधले हिरे घेतले? मग हे करून बघा

पहिलं काम, कार्ड फोनमध्ये कायमचं सेव्ह करून ठेवा. दर वेळी सोळा आकडे कोण टाइप करणार, तुम्ही बिझी माणसं. आणि जमलं तर पोराचा अंगठाही तुमच्या फोनमध्ये नोंदवून टाका, म्हणजे तो दर पाच मिनिटांनी "बाबा लॉक उघड" म्हणून डोकं खाणार नाही. लॉक उघडणारा अंगठाच खरेदीलाही 'हो' म्हणू शकतो, पण असल्या बारीकसारीक गोष्टींकडे बघायला वेळ आहे कुणाला.

ओटीपी आहे की, म्हणाल. आहे ना! येतो कुठे? त्याच फोनवर, जो पोराच्या हातात आहे. वर पट्टी सरकते, सहा आकडे दिसतात, चौथीतल्या मुलाला सहा आकडे वाचता येतात. त्यासाठीच तर शाळेची फी भरतो आपण.

पावत्यांचे मेल अजिबात उघडू नका. त्या प्रमोशन्समध्ये सुखात पडलेल्या असतात, राहू द्या.

मला हे ज्ञान गेल्या रविवारी झालं. शनिवारी चिरंजीव सदाशिव पेठेत आजीकडे होते, माझा फोन घेऊन, कारण आजीकडे "कार्टून नीट लागत नाही". रविवारी सकाळी पोहे खाता खाता मेल बघितले तर सहा पावत्या. बुधवारच्या दोन, ८९ आणि ४४९ रुपयांच्या. शनिवारच्या चार, ८९९, १,७९९, परत १,७९९ आणि २,९९९. एकूण ८,०३४ रुपये, आणि बदल्यात काय, तर एका ढालीला निळी चमक. ८९चा पॅक आधी का, हे नीट बघा. तो चाखायला दिलेला असतो, बाबा ओरडतात का बघायला. कुणी ओरडलं नाही की गाडी पुढे.

यानंतर संतापून गेम उडवून टाका. फार छान वाटतं. फक्त गेम काढल्याने पैसे परत येत नाहीत, सबस्क्रिप्शन घेतलेलं असेल तर तेही बंद होत नाही, आणि पुढे गेमवाले जो प्लेअर आयडी मागतात तो त्या गेममध्येच दिसत असतो. बाकी काही नुकसान नाही.

आता मुख्य सल्ला. लगेच बँकेला फोन करा आणि सांगा की फ्रॉड झाला. मला हे सोसायटीतल्या काकांनी सांगितलं, ते स्वतः बँकेतून रिटायर झालेत, त्यामुळे प्रश्नच नाही. "रिझर्व्ह बँकेचा नियम आहे रे, तीन दिवसांत कळवलं की तुझी जबाबदारी शून्य." नियम आहे, अगदी खरा आहे, २०१७चा. पण पूर्ण वाचलाय का कुणी? तीन कामाच्या दिवसांत कळवल्यावर जबाबदारी शून्य, ही सवलत कधी, तर चूक ना बँकेची ना तुमची, तिसऱ्याच कुणी भामट्याने गडबड केली असेल तेव्हा. ओटीपी किंवा पिन तुमच्याकडून दुसऱ्याला मिळाला असेल तर तक्रार नोंदवेपर्यंतचं नुकसान तुमचं. तुमचा फोन, तुमचं कार्ड, बरोबर टाकलेला ओटीपी, टाकणारा तुमचाच मुलगा, यात भामटा कोण? तरी मी फोन केला. गाणं वाजलं, एक दाबा, दोन दाबा, मग एका मुलाने विचारलं, "सर, ओटीपी तुम्ही शेअर केला होता का?" आता काय सांगायचं, की नाही हो, चिरंजिवांनी स्वतःच वाचून घेतला? तो म्हणे कार्ड ब्लॉक करतो आणि डिस्प्यूट टाकतो, फक्त "मी किंवा माझ्या ओळखीच्या कुणी हा व्यवहार केलेला नाही" असं लिहून द्या. म्हणजे आठ हजारांसाठी लेखी खोटं लिहायचं, ते पण स्वतःच्या पोराला अनोळखी ठरवून! आणि असा डिस्प्यूट टाकला की तिकडे प्ले स्टोअर तुमच्या अकाउंटवरची खरेदी अडकवू शकतं ते वेगळंच. काकांना हे सांगितलं तर म्हणे, "आमच्या वेळी असं नव्हतं." नव्हतंच काका, तुमच्या वेळी पासबुक होतं.

हे सगळं सोडून सरळ रस्ता होता, आणि तो एकही माणूस सांगत नाही. अँड्रॉइड फोन असेल तर ब्राउझरमध्ये play.google.com उघडायचं, ज्या अकाउंटवरून खरेदी झाली तेच अकाउंट हवं, कोपऱ्यातल्या प्रोफाइल फोटोवर दाबून Payments & subscriptions, तिथे Budget & order history. प्रत्येक ऑर्डरसमोर Report a problem असतं. कारणांच्या यादीत घरातल्या किंवा ओळखीच्या माणसाने न विचारता खरेदी केली असा पर्याय आहे, तो निवडायचा आणि खाली दोन ओळीत खरं काय ते लिहायचं, मूल किती वर्षांचं, कधी कळलं. प्रत्येक ऑर्डरचा अर्ज वेगळा, कंटाळा येतो पण एकात सगळं कोंबू नका. उत्तर बहुतेक एक-दोन दिवसांत येतं, कधी चार दिवस लागतात. पैसे मिळतीलच अशी हमी नाही. आणि आयफोनवाल्यांनी reportaproblem.apple.com वर जायचं, तिथेही मुलाने न विचारता घेतलं असं कारण निवडता येतं.

यात खरी मेख आहे वेळेची. गुगलकडे सरळ मागायचं तर खरेदीपासून ४८ तासांच्या आत, त्यानंतर ते साधारण गेम बनवणाऱ्याकडे पाठवतात. त्यामुळे माझ्या शनिवारच्या चार ऑर्डरींचे ७,४९६ मंजूर झाले, कार्डावर यायला आणखी काही दिवस लागले. बुधवारचे ५३८ मात्र गेमवाल्यांच्या दारात. त्यांना ऑर्डर नंबर दिला, GPA ने सुरू होणारा, पावतीवरच असतो, प्लेअर आयडी दिला, तारीख दिली. उत्तर आलं, "प्रिय खेळाडू, तुमचा उत्साह पाहून आनंद झाला." अरे कसला उत्साह!

रिफंड आल्यावर हिरे परत घेतले जाऊ शकतात हे पोराला आधीच सांगून ठेवा, नाहीतर रडारड तुमच्याच कानाशी.

आता खरं बोलू का? नऊ वर्षांच्या पोरासमोर उलटं घड्याळ लावायचं, "फक्त आजच, संपत आलं", रुपयांऐवजी हिरे दाखवायचे म्हणजे किती खर्च झाला ते त्याला कळूच नये, ह्याला गेम म्हणत नाहीत, खिसेकापूपणा म्हणतात. अमेरिकेत २०१४ मध्ये ह्याच मुलांच्या खरेदीवरून अॅपलला कमीत कमी ३ कोटी २५ लाख डॉलर आणि गुगलला १ कोटी ९० लाख डॉलर पालकांना परत द्यायचं कबूल करावं लागलं. तक्रार काय होती, तर एकदा पासवर्ड टाकला की काही मिनिटं परत विचारायचंच नाही, आणि हे पालकांना धड सांगायचंही नाही. म्हणजे हे कुणाला नवीन नाहीये.

आणि आपण पालक! हॉटेलात पोरगं गप्प बसावं म्हणून पाकीट उघडं टाकलेला फोन त्याच्या हातात देतो आणि मग "आजकालची मुलं" म्हणून ग्रुपवर रडतो. त्या पोराला कशाला बडवताय? आज रात्री प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये जा आणि प्रत्येक खरेदीला पडताळणी लावा, तीस मिनिटांनी वगैरे नाही, प्रत्येक. त्याचा अंगठा काढा. पासवर्ड बदला, तो त्याला पाठ आहे. कार्ड काढा आणि फारच हौस असेल तर शंभर-दोनशेचं गिफ्ट कोड टाकून द्या, त्यावर जाणार नाही. लॉकस्क्रीनवर मेसेज दिसणं बंद करा. मुलाचं वेगळं अकाउंट करून गुगलच्या फॅमिली लिंकमध्ये, म्हणजे पोरांच्या फोनवर लक्ष ठेवायच्या अॅपमध्ये टाका, म्हणजे प्लेवरच्या खरेदीला तुमची परवानगी लागेल. दहा मिनिटांचं काम आहे. रील बघायला मिळतात ना दहा मिनिटं?