‘येते’ म्हणून गेलेली मावशी

“तुझ्या पोराला भेटायचं तरी कसं गं? जवळ घ्यायचं नाही, चेष्टा करायची नाही, सारखं काही विचारायचं नाही. मग काय लांबून हात जोडायचे त्याला? एवढं सोवळं तर देवघरात पण नसतंय.” (सोलापूरची मामेबहीण, घरच्या ग्रुपवर)

जोड की हात. मनापासून सांगते, त्याला तेच सगळ्यात सोपं जातं. समोरच्याला न शिवता आदर पोचवायची रीत आपल्याकडे आधीपासून आहे. ती सोडून आपण पोरांचे गाल ओढतो आणि पोरगं मागं सरकलं की त्यालाच माणूसघाणं ठरवतो, याचा मला राग येतो. त्या दिवशी ग्रुपवर एका काकांनी लिहिलं, “ऑटिझम हे तिकडचं खूळ आहे, आपल्यात असलं काही नसतं.” काका, भारताच्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम नावानिशी लिहिलेला आहे. आम्ही राहतो त्या इंग्लंडातल्या रेडिंगमधून मी काही तो पिशवीत भरून आणलेला नाही.

गेल्या ऑगस्टची गोष्ट. सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं सकाळी उतरलो आणि जुळे सोलापूरला आईकडे पोचलो. माझा ऑटिस्टिक मुलगा ओजस तेरा वर्षांचा. रात्रभर गाडीचा खडखड आवाज ऐकून त्याचं डोकं आधीच भरलेलं. तो पंख्याकडं बघत उभा होता तेवढ्यात मावशी मागून आली, दोन्ही गाल धरले आणि म्हणाली, “ओळखलंस का मला?” तो विचार करायला लागला. लगेच, “सांग की, कोण मी?” आई म्हणाली, “अरे, तुला झोपाळ्यावर बसवायची ती.” मावशी म्हणाली, “मूग गिळून बसलास का रे?” तो म्हणाला, “मी मूग खाल्लेले नाहीत.” सगळे हसले. त्यानं शर्टाचं टोक बोटांत चोळायला सुरुवात केली, एकाच सुरात गुणगुणायला लागला, कान लाल झाले. मग बाथरूममध्ये गेला, आतून कडी घातली आणि चाळीस मिनिटं बाहेर आला नाही.

मावशीला वाटलं, गुणगुणतोय म्हणजे खुशीत आहे. ते उलटं होतं. शर्टाचं टोक आणि गुणगुण ही त्याची सहनशक्ती संपत आल्याची खूण आहे. तेवढ्यावर सगळे गप्प बसले असते तर कडीपर्यंत वेळ आली नसती. आणि त्या वेळी “हात सोड, नीट उभा राहा” म्हणणं म्हणजे बुडत्याच्या हातातली काडी काढून घेणं.

सोलापुरातल्याच एक वाचा-उपचार करणाऱ्या बाई आईच्या ओळखीच्या. त्यांना सगळं सांगितलं तर त्यांनी गालाआधी प्रश्नांचं विचारलं. “एका दमात किती जणांनी काय काय विचारलं?” त्यांचं म्हणणं असं की अशा मुलाला ऐकलेलं वाक्य आत लावायला वेळ लागतो. त्या मधल्या वेळात आपण शब्द बदलून तोच प्रश्न पुन्हा विचारला की पाटी पुसली जाते आणि तो परत पहिल्यापासून सुरू करतो. म्हणून आधी नाव घ्यायचं, एकच गोष्ट बोलायची आणि मनात दहापर्यंत मोजायचं. उत्तर आलं नाही आणि पुन्हा विचारावंच लागलं, तर तेच शब्द, त्याच क्रमानं. “ओळखलंस का” हा प्रश्न तर त्या सरळ बंदच करा म्हणाल्या, कारण ती परीक्षा आहे. त्यापेक्षा “ओजस, मी लता मावशी, तुझ्या आजीची बहीण” एवढं सांगितलं की उत्तर द्यायची गरजच उरत नाही.

स्पर्शाबद्दल त्या म्हणाल्या, हलका आणि अचानक झालेला स्पर्श कित्येकांना घट्ट दाबण्यापेक्षा जास्त बोचतो. हे मला पटलं. टेंपल ग्रँडिन या अमेरिकन प्राध्यापक स्वतः ऑटिस्टिक आहेत. मिठीनं त्या भांबावून जायच्या, पण तरुणपणी त्यांनी अंग दाबणारं यंत्र स्वतःसाठी बनवलं होतं. त्याचा दाब किती आणि कधी हे त्या स्वतः ठरवायच्या. खरा फरक तिथं आहे. ओजससुद्धा रात्री माझ्या खांद्याला खांदा घट्ट लावून बसतो, पण स्वतःहून.

हे ऐकून काकांनी अर्धंच घेतलं. ते त्याच्याशी बोलायचेच थांबले, खोलीत आला की मान फिरवायचे. ओजसनं मला विचारलं, “काकांना मी दिसत नाही का?” आणि शेजारच्या आजी रोज सांगायच्या, “माझा धाकटा पण चार वर्षांचा होईतो बोलत नव्हता, आता बँकेत आहे.” त्यांच्या मुलाचं वेगळं, ओजसचं वेगळं. माझ्या ऑफिसात एक ऑटिस्टिक बाई सगळ्यांना मिठी मारते आणि टोमणेही बरोबर ओळखते. म्हणून ज्याला भेटायचंय त्याला नाहीतर त्याच्या घरच्यांना आधी विचारावं, एवढाच नियम मी सांगू शकते. पाया पडण्यावरून आईचं आणि माझं मात्र अजून जमलेलं नाही. त्याला दुसऱ्याच्या पायाला हात लावणं नको असतं. आई म्हणते, वाकला तरी पुरे. मी म्हणते, तेही त्याला विचारून.

सगळ्यात मोठी चूक तर कुणाच्या लक्षातच आली नव्हती. त्या दिवशी मावशी निघताना उंबऱ्यात म्हणाली, “येते हं.” आपण ‘जाते’ म्हणत नाही. ओजस दार धरून बसला. पाऊण तासानं मी जेवायला बोलावलं तर म्हणाला, “मावशी येते म्हणाली.” मला स्वतःला हे कधी सुचलं नव्हतं, आणि मी त्याची आई.

रेडिंगमध्ये हे सोपं आहे असं मी ग्रुपवर ठणकावून लिहिलं. वरून न दिसणारी अडचण आहे हे सांगणारी सूर्यफुलाची पट्टी गळ्यात असली की रांगेतला माणूस मागं सरकतो, टेस्को दुकानातली बाई घाई करत नाही. पण तिथंही शाळेत “यू ऑलराइट?” म्हणतात आणि हा थांबून पोटात दुखतंय ते सांगायला लागतो, तोवर विचारणारा पुढं गेलेला असतो. ते मी लिहिलं नाही. आणि हेही लिहिलं नाही की अकरा वर्षांत आमच्या दारावर न सांगता एकही माणूस आलेला नाही. तिथं माझ्या पोराला अचानक कुणी हात लावत नाही, कारण कुणी तेवढं जवळच येत नाही. मावशी दोन बस बदलून आली होती, शेंगाचटणीचा डबा घेऊन. मला ती चिमटा न काढणारी हवी आहे, पण यायला हवीच आहे.

तिला मी हे सगळं फोनवर सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “मला कुणी आधी सांगितलं का असलं?” खरंच नव्हतं सांगितलं. मला लाज वाटत होती.

रविवारी ती सांगून आली. दारातच थांबली, तो बघेल अशी, दोन हात लांब. “ओजस, मी लता मावशी. तुझ्यासाठी डबा आणलाय.” आणि आईनं बोलायला तोंड उघडलं तसा तिनं तिचा दंड धरला. मी मनात मोजत होते, सात झाले तेव्हा तो तिच्याकडं न बघता म्हणाला, “डबा ओट्यावर ठेव.” तिनं ठेवला. मग ती शेजारच्या खुर्चीत बसून लसूण सोलत राहिली आणि तासाभरानं त्यानंच तिला पंख्याला पाती किती ते सांगितलं.

निघताना तिनं चपला घातल्या, उंबऱ्यावर हात ठेवला आणि सवयीनं तोंडावर आलेला शब्द गिळला. “ओजस, मी आता जाते,” ती म्हणाली. आई दचकून देवाकडं बघायला लागली. “बुधवारी पाच वाजता परत येईन.”

तो म्हणाला, “बरं,” आणि त्यानं दार लावून घेतलं.