तीन अक्षरांचं नाव आणि एक पांडा

नव्या कंपनीचं नाव ठरत असलं की कुणीतरी हमखास म्हणतं, "नाव लांबलचक होतंय, आद्याक्षरं घेऊन टाकू. बीएमडब्ल्यूचं चाललंच ना!" माझा याला ठाम विरोध असतो.

अक्षरांना चेहरा नसतो. 'पीडीबी' ऐकून डोळ्यांपुढे काहीच येत नाही, त्यामुळे मेंदूजवळ उरतो तो फक्त आवाज. आणि बी, डी, पी, टी, व्ही हे आवाज तर सख्खे भाऊ. १९६४ साली कॉनराड या मानसशास्त्रज्ञाने लोकांना अक्षरं नुसती दाखवली, ऐकवली नाहीत. तरी आठवून लिहिताना त्यांनी सारख्या दिसणाऱ्या अक्षरांपेक्षा सारख्या उच्चाराच्या अक्षरांतच जास्त घोळ घातला. तुमचं 'पीडीबी' उद्या कुणाच्या तोंडी 'बीडीपी' झालं तर त्यात त्याची काय चूक?

दुसरी अडचण मालकीची. इंग्रजी तीन अक्षरांच्या जोड्या होतात एकूण १७,५७६. साऱ्या जगाला त्यातच भागवायचं आहे. डब्ल्यूडब्ल्यूएफचंच बघा. १९६१ साली स्थापन झालेला वन्यजीव निधी आणि अमेरिकेतली कुस्तीची कंपनी, दोघांचीही अक्षरं तीच. १९९४ मध्ये अक्षरांच्या वापरावर मर्यादा घालणारा करार झाला, तरी भांडण ब्रिटनच्या कोर्टात गेलंच. निकाल निधीच्या बाजूने लागला आणि २००२ मध्ये कुस्तीवाल्यांना 'डब्ल्यूडब्ल्यूई' व्हावं लागलं. (गंमत म्हणजे 'वर्ल्ड वाइल्डलाइफ फंड' म्हणायला 'डब्ल्यू डब्ल्यू एफ'पेक्षा कमी वेळ लागतो. म्हणजे आटोपशीरपणाचा फायदाही नाही!)

मग वन्यजीव निधीची अक्षरं टिकली कशी? त्यांना पहिल्या वर्षापासून पांडाची सोबत होती. अक्षरं विसरली तरी तो काळा-पांढरा प्राणी आठवतो, आणि त्याच्यामागोमाग अक्षरं येतात. शिवाय १९८६ मध्ये संस्थेने बहुतेक देशांत पूर्ण नाव बदलून 'वर्ल्ड वाइड फंड फॉर नेचर' केलं, पण अक्षरं तीच ठेवली. तोवर पंचवीस वर्षांची ओळख त्यांच्यात मुरली होती.

एक पळवाट मात्र मला मान्य आहे: अक्षरं एकेक न म्हणता शब्दासारखी वाचता आली पाहिजेत. 'इकिया' हे संस्थापक इंग्वार काम्प्राड, त्याचं शेत एल्मटारीड आणि गाव आगुनारीड यांची आद्याक्षरं जोडून झालं, पण ऐकणाऱ्याला तो सरळ एक शब्द वाटतो. मध्ये स्वर असले की असं जमतं. नुसत्या व्यंजनांचं काही होत नाही.

आणि लांब नाव आधीच असेल तर ते घाईने कापू नका. ग्राहकांचे मेल, तक्रारी, सर्चमध्ये टाइप केलेले शब्द काढून बघा. तुम्ही न सांगता लोक स्वतःच अक्षरं वापरत असतील तर खुशाल पाटीवर चढवा. ती फक्त ऑफिसातल्या मीटिंगमध्येच ऐकू येत असतील, तर पूर्ण नावच राहू द्या.